व्हिडिओ अंधुक होतो तेव्हा दोषी कोण? एका फॉरवर्डची तपासणी

«नेट फुल्ल असूनही व्हिडिओ मधेच अंधुक होतो ना? तुमचं नेट खराब नसतं. कंपन्या सर्व्हरवरून मुद्दाम क्वालिटी पाडतात, म्हणजे तुम्ही महाग प्लॅन घ्याल. खात्री करायची असेल तर अंधुक झाल्याबरोबर स्पीड टेस्ट लावा, स्पीड एकदम मस्त दिसेल! उपाय सोपा आहे. Auto कायमचं बंद करून 1080p लॉक करा. तरी अडकलं तर पॉज करा आणि पट्टी पूर्ण भरू द्या. कॅशे साफ करून व्हीपीएन लावलं की ओरिजिनल क्वालिटी परत येते. सगळ्या ग्रुपवर पाठवा.»

सुरुवात सर्व्हरपासून करू, कारण पहिला आरोप त्याच्यावर आहे. सर्व्हर तुमचा व्हिडिओ बघून काहीही ठरवत नाही. त्याच्याकडे एकाच व्हिडिओच्या आधीच तयार करून ठेवलेल्या पाच-सात प्रती असतात. एक लहान आणि हलकी, दुसरी थोडी मोठी, असं करत शेवटची सगळ्यात मोठी आणि जड. प्रत्येक प्रतीचे काही सेकंदांचे तुकडे पाडलेले असतात आणि सगळ्या प्रतींमध्ये ते एकाच जागी पाडलेले असतात. म्हणजे मोठ्या प्रतीतला सतरावा तुकडा संपतो, त्याच क्षणाला छोट्या प्रतीतलाही सतरावा संपतो. म्हणूनच सतरावा तुकडा एका प्रतीतून आणि अठरावा दुसऱ्या प्रतीतून घेतला तरी संवाद तुटत नाही, फक्त चित्राचा दर्जा बदललेला दिसतो.

ॲपल कंपनीने २००९ मध्ये आणलेली एचएलएस ही पद्धत आणि २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून आलेली डॅश, या दोन्ही अशाच चालतात. व्हिडिओ सुरू करताच प्लेअर सगळ्यात आधी एक छोटी मजकुराची फाइल मागवतो. एचएलएसमधली ती यादी साधारण अशी दिसते:

```
#EXTM3U
#EXT-X-STREAM-INF:BANDWIDTH=1100000,RESOLUTION=768x432
432p/index.m3u8
#EXT-X-STREAM-INF:BANDWIDTH=2000000,RESOLUTION=960x540
540p/index.m3u8
#EXT-X-STREAM-INF:BANDWIDTH=3000000,RESOLUTION=1280x720
720p/index.m3u8
#EXT-X-STREAM-INF:BANDWIDTH=6000000,RESOLUTION=1920x1080
1080p/index.m3u8
```

हॉटेलातल्या मेनूकार्डासारखीच ही यादी. कोणती प्रत आहे, तिच्यासाठी सेकंदाला किती बिट लागतील आणि ती कुठे मिळेल, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. यातले आकडे ॲपलने एच.२६४ व्हिडिओसाठी सुचवलेल्या शिडीतले आहेत. प्रत्येक कंपनीची शिडी वेगळी असते आणि नव्या कोडेकमध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायच्या नव्या पद्धतीत, तेच चित्र बऱ्याच कमी बिटमध्ये बसतं. तुकडा किती लांब असावा याबाबत ॲपलची शिफारस ६ सेकंदांची आहे. ही यादी हातात आली की पुढे प्रत्येक तुकड्यासाठी कोणती पायरी मागायची, हे तुमच्या फोनमधला प्लेअर ठरवतो. सर्व्हर साध्या फाइल वाटणाऱ्यासारखा मागितलेला तुकडा देऊन मोकळा होतो. मधली मोबाइल कंपनी तर चित्राला हातही लावू शकत नाही, कारण ते सगळं एचटीटीपीएसच्या बंद पाकिटातून जातं.

म्हणजे कंपन्या अगदी धुतल्या तांदळासारख्या आहेत, असं मात्र नाही. यादीत वरची पायरी ठेवायची की नाही, हे त्यांच्याच हातात असतं. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं, तेव्हा भारतातल्या मोठ्या स्ट्रीमिंग कंपन्यांनी मिळून ठरवलं की १४ एप्रिलपर्यंत मोबाइल नेटवर्कवर 480p च्या वर काही द्यायचं नाही. त्या दिवसांत पाहिलेला धूसर व्हिडिओ खरोखरच मुद्दाम तसा दिलेला होता. तेव्हा ही गोष्ट जाहीर केली होती, एवढाच फरक. काही स्ट्रीमिंग ॲपच्या स्वस्त मोबाइल प्लॅनवर 480p ची मर्यादा असते, तीही करारातच लिहिलेली असते. आणखी एक मर्यादा फारशी कुणाला माहीत नसते. काही अँड्रॉइड फोनना गूगलच्या वाइडवाइन या कुलूप-यंत्रणेची वरची श्रेणी, म्हणजे L1, मिळालेली नसते. ते L3 वर चालतात आणि अशा फोनवर अनेक सशुल्क ॲप एचडी देतच नाहीत, मग प्लॅन कितीही महाग असो. प्लेस्टोअरवरच्या, अशा कुलपाची म्हणजे डीआरएमची माहिती दाखवणाऱ्या कुठल्याही ॲपमध्ये ‘Security level’ या ओळीत हे दिसतं. तिथे L3 लिहिलेलं असेल तर प्लॅन बदलून पैसे वाया घालवू नका.

नेटमुळे पायरी बदलतेय की मर्यादा घातलेली आहे, हे ओळखायला अवघड नाही. मर्यादा एकाच जागी थांबून असते: पहाटे चार वाजता, फायबरवर, घरात दुसरं कुणी जागं नसतानाही तुम्हाला 480p च दिसेल. पण फॉरवर्डमधली तक्रार ‘मधेच अंधुक होतो’ अशी आहे, म्हणजे वर-खाली होतो. मुद्दाम पाडलेली क्वालिटी अर्ध्या मिनिटाने आपणहून वर कशाला चढेल?

आता स्पीड टेस्टकडे येऊ. ती चांगली दिसते हे खरं आहे, आणि म्हणूनच हा फॉरवर्ड पटतो. पण ‘अंधुक झाल्याबरोबर’ या शब्दात सगळी चूक आहे. ती दाखवायला एक उदाहरण पूर्ण सोडवावं लागेल. आकडे सोपे घेतले आहेत आणि नियम घेतले आहेत एक्झोप्लेअरचे. हा गूगलचा मुक्त स्रोत प्लेअर असंख्य अँड्रॉइड ॲपच्या पोटात असतो आणि त्याचे मूळ नियम कुणालाही वाचता येतात. मोजलेल्या वेगातला फक्त ७० टक्के भाग जमेस धरायचा, हा पहिला नियम. हाताशी २५ सेकंदांचा किंवा त्याहून जास्त साठा असेल तर घाईने खाली उतरायचं नाही, हा दुसरा. आणि साठा किमान १० सेकंदांचा झाल्याशिवाय वर चढायचं नाही, हा तिसरा. ॲप बनवणारे हे आकडे बदलू शकतात, पण साचा साधारण असाच राहतो.

समजा, तुमचं नेट १० एमबीपीएस आहे. त्याचे ७० टक्के म्हणजे ७, आणि ७ मध्ये बसणारी सगळ्यात वरची पायरी 1080p, तिला ६ लागतात. सहा सेकंदांच्या एका तुकड्यात ३६ मेगाबिट, म्हणजे साडेचार मेगाबाइट येतात. १० च्या वेगाने तो ३.६ सेकंदांत उतरतो. सहा सेकंदांचा माल ३.६ सेकंदांत आला की दर तुकड्यामागे २.४ सेकंद शिल्लक पडतात. अशी शिल्लक साठत साठत ३० सेकंदांची झाली आहे असं धरू. ही शिल्लक म्हणजेच बफर, पट्टीवरचा तो पुढे पळणारा फिकट भाग.

इतक्यात घरातल्या दुसऱ्या फोनने लग्नाचे फोटो क्लाउडवर चढवायला घेतले, किंवा तुम्ही हॉलमधून आतल्या खोलीत गेलात आणि मधे दोन भिंती आल्या. नेट १० वरून ३ वर आलं. प्लेअरने पुढचा 1080p तुकडा मागवलेलाच होता. ते ३६ मेगाबिट आता १२ सेकंद घेतात. या १२ सेकंदांत तुम्ही १२ सेकंदांचा साठा पाहून संपवला आणि नवा फक्त ६ सेकंदांचा आला. तीसचे चोवीस झाले. प्लेअरला कळलं की वेग ३ आहे, त्याचे ७० टक्के २.१ आणि साठाही २५ च्या खाली गेला. पुढचा तुकडा तो 540p चा मागतो, त्याला २ एमबीपीएस लागतात.

तुम्हाला मात्र यातलं काहीच दिसलेलं नाही. तुमच्यासमोर अजून २४ सेकंदांचं स्वच्छ 1080p बाकी आहे. ते संपल्यावर 540p चा पहिला तुकडा पडद्यावर येतो. नेट खाली गेलं त्या क्षणापासून मोजलं तर १२ अधिक २४, म्हणजे ३६ सेकंदांनंतर चित्र अंधुक होतं. तोवर फोटो चढून झालेले असतील किंवा तुम्ही हॉलमध्ये परत आलेले असाल. आता स्पीड टेस्ट लावली तर ती मस्तच दिसणार! टेस्ट खोटं बोलत नाही, पण ती आत्ताचं नेट मोजते आणि तुम्ही बघताय ते चित्र अर्ध्या मिनिटापूर्वीच्या नेटवर ठरलेलं आहे.

नेट सुधारल्यावरही असाच उशीर होतो. साठ्यात 540p चे तुकडे आधीच भरलेले असतात. काही प्लेअर ते निमूट दाखवतात. एक्झोप्लेअर जास्त दूरचे हलके तुकडे टाकून देऊन त्या जागी चांगले आणू शकतो, पण पुढचे २५ सेकंद तो सहसा हात लावत नाही, कारण टाकलेला तुकडा म्हणजे दोनदा खर्च झालेला डेटा. त्यामुळे ‘आता तर नेट चांगलं आहे, मग अजून अंधुक का’ असं वाटतं, तेव्हा तुम्ही जुना माल संपवत असता.

स्पीड टेस्टमध्ये आणखी एक गोम आहे. टेस्ट बहुधा जवळचा सर्व्हर निवडते आणि एकाच वेळी अनेक जोडण्या उघडून काही सेकंद नळ पूर्ण सोडते. प्लेअर तसा वागत नाही. तो एक तुकडा मागतो, थांबतो, मग दुसरा मागतो. साठा भरलेला असेल तर हे थांबणं काही सेकंदांचं असतं. दर थांब्यानंतर जोडणीला पुन्हा हळूहळू वेग पकडावा लागतो, त्यामुळे त्याच लाइनवर प्लेअरला मिळणारा प्रत्यक्ष वेग टेस्टच्या आकड्याहून कमी भरतो. शिवाय व्हिडिओ चालू ठेवून टेस्ट लावलीत तर ती टेस्टच तेवढा वेळ व्हिडिओच्या तोंडचं नेट पळवते. मग अर्ध्या मिनिटाने व्हिडिओ आणखी अंधुक झाला, तर दोष कुणाचा ते सांगायला नको.

टेस्ट लावण्याऐवजी प्लेअरलाच विचारावं. संगणकावर यूट्यूबच्या व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘Stats for nerds’ निवडा. फोनवर आधी ॲपच्या सेटिंगमधल्या ‘General’ भागात जाऊन ते चालू करावं लागतं, मग व्हिडिओच्या सेटिंगमध्ये तो पर्याय दिसतो. चौकटीत बऱ्याच ओळी येतात, पण आधी बघायच्या तीनच. ‘Buffer Health’ म्हणजे सेकंदांतला साठा. ‘Connection Speed’ म्हणजे प्लेअरला प्रत्यक्ष मिळालेला वेग. तो Kbps मध्ये असतो, म्हणून हजाराने भागा. आणि ‘Current / Optimal Res’ म्हणजे आत्ता चाललेली पायरी आणि या खिडकीला योग्य ठरणारी पायरी.

साठा एकेक सेकंदाने घटत चाललाय आणि वेगही पडलाय, तर कारण नेटच, आणि अंधुक होण्याआधीच ते तुम्हाला कळलेलं असेल. साठा भरलेला आहे, वेग चांगला आहे, तरी चित्र अडखळतंय, तर ‘Frames’ च्या ओळीत ‘dropped’ पुढचा आकडा वाढतोय का बघा. वाढत असेल तर तुकडे वेळेवर येताहेत, फोनलाच ते उलगडायला जमत नाहीये. जुन्या फोनवर 1080p60 च्या व्हिडिओला हे हमखास होतं आणि त्यावर नेट वाढवून काही उपयोग नाही. तिसरी शक्यता गमतीची आहे. ‘Current’ आणि ‘Optimal’ दोन्ही लहान आणि सारखेच दिसत असतील तर बहुतेक तुम्ही फोन उभा धरलाय. छोट्या खिडकीत चार बोटांएवढं चित्र दाखवायला प्लेअर 1080p कशाला आणेल? फोन आडवा करा, दोन-चार तुकड्यांनंतर पायरी वर चढते.

मग 1080p लॉक केलं तर? वरच्याच उदाहरणात ते करून बघू. नेट ३ वर आलेलं आहे आणि प्लेअरला खाली उतरायला बंदी आहे. दर तुकडा १२ सेकंद घेतो आणि ६ सेकंद देतो. साठा तीसवरून चोवीस, अठरा, बारा, सहा असा उतरत जातो आणि नेट पडल्यापासून ५४ व्या सेकंदाला शून्यावर येतो. तिथून पुढे नेट तसंच राहिलं तर ६ सेकंद व्हिडिओ आणि ६ सेकंद गोल फिरणारं चक्र, हा क्रम थांबतच नाही. Auto मध्ये याच नेटवर 540p चा तुकडा ४ सेकंदांत येतो, दर तुकड्यामागे २ सेकंद शिल्लक पडतात आणि व्हिडिओ एकदाही थांबत नाही. अंधुक चित्र आणि थांबलेलं चित्र यांतलं एक निवडायचं असेल तर बहुतेक लोक पहिलं निवडतात, आणि Auto ची सगळी रचना त्याच गृहीतकावर उभी आहे.

डेटाचा हिशेबही लॉकच्या बाजूने नाही. ६ एमबीपीएसच्या पायरीवर तासाला २.७ जीबी जातात, २ च्या पायरीवर ०.९ जीबी. रोजचा दीड जीबी असेल तर पहिल्यावर तो ३३ मिनिटांत संपतो, दुसऱ्यावर १०० मिनिटं टिकतो. आणि कोटा संपल्यावर भारतातल्या बऱ्याच प्लॅनवर वेग ६४ केबीपीएसवर आणला जातो. ॲपलच्या शिडीतली सगळ्यात खालची पायरीसुद्धा १४५ केबीपीएसची आहे. म्हणजे कोटा संपल्यावर व्हिडिओ अंधुकसुद्धा दिसत नाही, तो चालतच नाही.

तरीही लॉक कधीच करू नये असं म्हणणार नाही. पडद्यावर एक्सेलची पानं किंवा कोड दाखवणारं ट्रेनिंग असेल तर 540p मध्ये अक्षरंच वाचता येत नाहीत, तिथे थांबलेलं चित्र अंधुक चित्रापेक्षा परवडलं. उलट गाणी नुसती ऐकायची असतील तर खालच्या पायरीवर लॉक करणं शहाणपणाचं. यूट्यूबमधलं ‘Higher picture quality’ मात्र लॉक नव्हे. ते Auto ला थोडं वर झुकायला सांगतं आणि अडचण आली की खाली उतरायची मुभा ठेवतं. रोजच्या वायफायसाठी हाच मधला मार्ग बरा.

एक टीप इथेच देऊन ठेवतो. ‘1080p’ हा आकडा चित्रातले ठिपके सांगतो, त्या ठिपक्यांना किती बिट मिळाले ते सांगत नाही. ॲपलच्या शिडीत 720p दोनदा येतं, एकदा ३ एमबीपीएसवर आणि एकदा साडेचारवर. त्यामुळे पाटी तीच राहूनही चित्र बदलू शकतं. धो धो पाऊस, स्टेडियममधली गर्दी, उधळलेला गुलाल, अशा दृश्यांत प्रत्येक ठिपका दर क्षणी बदलतो आणि ठरलेले बिट पुरत नाहीत. तिथे 1080p सुद्धा चौकोनाचौकोनांत फुटतं. हे तुमच्या नेटचं काम नव्हे, मूळ प्रतच तशी बनलेली असते.

पॉज करून पट्टी भरू देण्याचा सल्ला एके काळी बरोबर होता. पूर्वी व्हिडिओ म्हणजे एक अख्खी फाइल असायची आणि पॉज केलं तरी ती मुकाट्याने उतरत राहायची. सायबर कॅफेत व्हिडिओ लावून चहाला जाऊन यायची पद्धत तिथलीच. आजचा प्लेअर साठा ठरावीक मर्यादेला पोचला की नवे तुकडे मागणंच थांबवतो. एक्झोप्लेअरची ही मर्यादा मुळात ५० सेकंदांची आहे. कारण उघड आहे. लोक व्हिडिओ मधेच सोडून देतात आणि तासाभराचा 1080p आधीच भरून ठेवला तर पाहणाऱ्याचे २.७ जीबी फुकट जातात. म्हणून पॉज करून अर्धा-पाऊण मिनिट थांबलात तर फायदा होतो, साठा काठोकाठ भरतो आणि पुढचा एखादा लहान खड्डा त्यावर निभावतो. दहा मिनिटं थांबून जास्त काही मिळत नाही. पूर्ण भरलेलाच हवा असेल तर ॲपमधलं डाउनलोड वापरा.

थेट प्रक्षेपणात तर एवढाही साठा जमवता येत नाही, कारण पुढचा चेंडू अजून टाकलेलाच नसतो. एचएलएसचा नियम असा की प्लेअरने ताज्या टोकापासून किमान तीन तुकडे मागे राहून सुरू करावं. सहा सेकंदांचे तीन तुकडे म्हणजे १८ सेकंद. हाताशी जास्तीत जास्त तेवढाच साठा. तुकडे आखूड केले तर उशीर कमी होतो, पण साठाही तेवढाच आटतो. म्हणून मॅच सिनेमापेक्षा वारंवार अंधुक होते आणि शेजारच्या केबलवाल्या घरातून ‘आउट’ची आरोळी आधी ऐकू येते. मॅच बघताना पॉज केलंत तर तुम्ही टोकापासून आणखी मागे जाता. त्याने साठ्याला वाव मिळतो, निकालाची बातमी मात्र शेजाऱ्याकडूनच कळेल.

राहिली कॅशे आणि व्हीपीएन. कॅशे साफ केल्याने कुठल्याही प्रतीत एकही बिट वाढत नाही. काही प्लेअर तुमचं नेट मागे कसं होतं याची नोंद ठेवतात, तीच तेवढी पुसली जाऊ शकते आणि मग पुढचा व्हिडिओ अंदाजाने सुरू होतो. तसंही मोजमाप हाती येईपर्यंत प्लेअर अंदाजच धरतो. एक्झोप्लेअरमध्ये तर देश आणि नेटवर्कचा प्रकार यांवरून सुरुवातीचा वेग गृहीत धरायचा तक्ताच आहे. पहिले काही सेकंद चित्र धूसर असतं ते यामुळे, आणि लवकर सुरू व्हावं म्हणून मुद्दाम हलका तुकडा आधी मागवल्यामुळे. कॅशेच्या नादात ‘Clear storage’ दाबू नका, त्यात डाउनलोड करून ठेवलेले भागही जातात.

व्हीपीएनने तुमचे तुकडे वळसा घालून येतात. एरवी ते तुमच्या शहरातल्या किंवा जवळच्या साठवण-सर्व्हरवरून येत असतात, व्हीपीएन लावल्यावर कदाचित सिंगापूरमार्गे. अंतर वाढलं की दर तुकड्याला वेग पकडायला जास्त वेळ लागतो आणि पायरी उतरण्याचीच शक्यता जास्त. फायदा एकाच ठिकाणी होतो: मधली कंपनी व्हिडिओ ओळखून त्याचाच वेग दाबत असेल तर. असं घडलेलं आहे. अमेरिकेत टी-मोबाइलने नोव्हेंबर २०१५ मध्ये ‘बिंज ऑन’ योजनेत व्हिडिओचा वेग साधारण दीड एमबीपीएसवर धरला होता, त्यामुळे प्लेअर आपोआप 480p च्या आसपास उतरत. ही योजना जाहीर होती आणि बंदही करता येत होती. भारतात २०१८ पासून नेट न्यूट्रॅलिटीच्या नियमांनी मजकूर पाहून असा भेदभाव करायला मनाई आहे. तरी शंका असेल तर व्हीपीएन लावून आणि काढून, दोन्ही वेळा तोच व्हिडिओ सुरुवातीपासून पाच मिनिटं चालवा आणि ‘Connection Speed’ लिहून ठेवा. व्हीपीएन असतानाच तो आकडा दर वेळी ठळकपणे जास्त येत असेल तर तुमच्या मोबाइल कंपनीला विचारण्यासारखं काहीतरी आहे. एकदाच जास्त आला तर तेवढ्या वेळात घरातले फोटो चढून संपलेले असू शकतात.

वारंवार अंधुक होणाऱ्यांनी आधी घरातलंच बघावं. वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर असेल आणि राउटर त्याच खोलीत असेल तर ५ वर या. दोन भिंतींपलीकडे मात्र ५ चं टिकत नाही, तिथे २.४ च बरं. फोटोंचा बॅकअप रात्री फोन चार्जिंगला असताना होईल असं लावा. टीव्हीला शक्य असेल तर राउटरपासून केबल ओढा. मग पुन्हा ‘Buffer Health’ उघडा आणि दहा मिनिटं त्या एका आकड्याकडे बघा: साठा एका जागी खेळत राहिला तर काम झालं, दर दोन-तीन मिनिटांनी खड्ड्यात जात असेल तर त्या वेळी घरात नेटवर आणखी काय चालू आहे ते शोधा.